अळीव नसतील तर

कुंदा हे नाव माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. आजीचं नाव चिकटवलंय. त्यावर चर्चा नको. मी मूळची कराडची, चार वर्षं झाली ऑस्ट्रेलियात आर्मिडेलला बियाण्यांवर पीएचडी करतेय, आणि इथल्या विद्यापीठातल्या तमाम मराठी पोरांची मी वाणसामान समिती आहे. कुणी नेमलेलं नाही. सभासदही मी एकटीच.

पोरं सुपरमार्केटात उभी राहून मला फोन करतात.

"कुंदाताई, हरभऱ्याची डाळ नाहीये इथे."

"सुपाच्या सामानात बघ. पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळेल. पुरण जरा सैल होतं, नीट आटव म्हणजे झालं."

"आणि ज्वारीचं पीठ?"

"ज्यांना गहू सोसत नाही त्यांची एक फळी असते. तिथे अगदी खालच्या कप्प्यात."

"ओवा?"

"वाळवलेल्या थाइमची बाटली घे. वास जवळजवळ तोच."

मागे एकाला आंबेमोहोर हवा होता. त्याला म्हटलं, जास्मिन तांदूळ घे आणि रडणं बंद कर. सांगायचा मुद्दा असा की मी आजवर कुणाला 'मिळत नाही' म्हणून परत पाठवलेलं नाही. याचा मला जरा गर्व होता. तो कसा उतरला ते सांगते.

शलाका ही माझी इथली मैत्रीण, सांगलीची. मेंढ्यांच्या लोकरीवर संशोधन करायला आली आणि इथल्याच लॅकलनशी लग्न करून बसली. लॅकलनला सगळे लॉकी म्हणतात. शेतांना तारेची कुंपणं घालून देणं हा त्याचा धंदा. सव्वासहा फूट उंच, पंजे फावड्याएवढे, आणि स्वभाव इतका गरीब की कुत्र्याला 'सरक' म्हणतानाही 'प्लीज' लावतो. मला तो शलाकाचं ऐकून कुंदाताईच म्हणतो. मराठी त्याला एकच शब्द येतो, 'चालेल'. तो शब्द लॉकी प्रश्न म्हणूनही वापरायचा आणि उत्तर म्हणूनही, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या शब्दावाचून त्याचं काही अडायचं नाही.

जुलैच्या कडाक्याच्या थंडीत शलाकाला मुलगी झाली. बाळंतपणाला तिची आई, म्हणजे माई, सांगलीहून येणार होत्या. तिकीट काढलं, व्हिसा आला, आणि निघायच्या आठ दिवस आधी माई न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. प्लॅस्टर कोपरापर्यंत. येणं रद्द. मग त्यांनी शेजारणीकडून एक पार्सल भरून घेतलं, त्यात पाव किलो अळीव घातले, आणि पाठवून दिलं. बिया म्हटल्यावर ऑस्ट्रेलियात ते पार्सल जिथे अडकायचं तिथे अडकलं. मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं, पण मला विचारतं कोण.

आता इकडची पद्धत अशी, की घरात बाळ आलं की शेजारीपाजारी शिजवलेलं आणून देतात. पद्धत चांगली आहे, फक्त सगळे एकच पदार्थ आणतात. शलाकाच्या फ्रीझरमध्ये अकरा लझान्या होत्या. बारावी मावेना म्हणून लॉकीने बर्फाचा ट्रे बाहेर काढला होता. आणि ही बाई दोन चमचे खाऊन ताटली बाजूला सारायची. टोस्ट नको, सूप नको, भात नको. घरी तपासायला येणारी नर्स दोनदा बजावून गेली की आईने पोटभर खाल्लंच पाहिजे. सातव्या दिवशी मी गेले तर शलाका पलंगावर बसून नुसती रडत होती.

"काय हवंय तुला? सांग तरी," मी म्हटलं.

"माईचा अळिवाचा लाडू," ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली.

"अगं, मग त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"तुला नाही कळणार. दर थंडीत माई करायची. डबा उघडला की ते काळे काळे टपोरे दाणे दिसायचे, बेडकाच्या अंड्यांसारखे. माई नाही, लाडू नाही, कुणीच नाही माझं इथे."

लॉकी दारात बाळाला घेऊन उभा होता. 'कुणीच नाही' हे त्याला कळलं नाही, हे बरंच झालं.

"अळीव काळे नसतात, लालसर असतात," मी म्हटलं. बियाण्यांच्या बाबतीत मी चूक खपवून घेत नाही. "बाळंतपणात डोकं चालत नाही माणसाचं. रडू नकोस. रविवारी बारसं आहे ना? बारशाला तुझ्या हातात अळिवाचा लाडू ठेवते."

त्याच दुपारी माईंना फोन लावला. माई प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"माई, तुम्ही काळजी करू नका. इथे सगळं मिळतं. अगदी नाही मिळाले अळीव तर पर्याय आहे."

"पर्याय नको गं," माई एकदम म्हणाल्या. "कुंदा, माझं एवढं ऐक. या वेळी तरी खरे अळीव घाल. बाळंतीण आहे ती. खरेच हवेत."

"खरेच घालीन."

"शपथ घे."

घेतली शपथ. 'या वेळी तरी' हे शब्द माझ्या कानावरून गेले, पण डोक्यात शिरले नाहीत. मी तेव्हा मनात दुकानांची यादी करत होते.

यादी फार मोठी नव्हती. गावातलं एकमेव भारतीय दुकान सुखविंदरपाजींचं. दारावर हाताने लिहिलेला कागद होता: भाचीचं लग्न, जालंधर, महिनाअखेर उघडेल. टॅमवर्थच्या दुकानात फोन केला, दीड तासाच्या अंतरावर आहे ते. तिथल्या मुलाने अळीव हे नाव ऐकलं नव्हतं, आणि मी वर्णन करायला लागले तर म्हणाला, "मॅडम, तीळ आहेत." मी फोन ठेवला.

राहिली नोरीन. नोरीनचं सुट्या धान्याचं दुकान आहे, झाकणाच्या डब्यांतून डावाने काढून घ्यायचं आणि वजन करून न्यायचं. बाई सत्तरीची, दुकान गुरुवार ते शनिवार उघडं. गुरुवारी सकाळी मी तिच्या दारात.

"क्रेसच्या बिया हव्यात," मी म्हटलं. अळीव म्हणजे तेच. इकडची माणसं त्या कापसावर पेरून बोटभर कोंब काढतात आणि अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात. एवढ्या गुणी बियांचं हे असं करतात.

"कशाला हव्यात? लावायला की खायला?" नोरीनने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता, त्यामुळे मला ती आवडली. "खायला. मोड काढायच्या मिळतात ना, औषध न लावलेल्या, त्याच."

"संपल्यात. ब्रिस्बेनहून माल येतो, शनिवारी सकाळी येईल. किती?"

"दोनशे ग्रॅम."

"दोनशे ग्रॅम," नोरीन म्हणाली, "म्हणजे किती सँडविचेस खाणार आहेस तू?"

मी खूश होऊन घरी आले तर माझ्या दारात लॉकीची गाडी. लॉकी खाली उतरला आणि त्याने बॉनेटवर पत्त्यांच्या कॅटसारखी बियांची पाकिटं मांडली. अडतीस. हार्डवेअरच्या दुकानातली, बागकामाच्या फळीवरची, वर हिरव्यागार पानांचं चित्र. शलाकाने त्याला इंग्रजी नाव सांगितलं होतं आणि त्याने दुकानातली सगळी उचलली होती.

"कुंदाताई, चालेल?"

मी एक पाकीट फोडून तळहातावर ओतलं. चिमूटभर बिया, आणि रंग गुलाबी.

"लॉकी, हा रंग बघितलास? ही बी आहे पेरायची. बुरशी लागू नये म्हणून औषध लावलंय तिला. मागे वाच, काय लिहिलंय."

त्याने डोळ्यांजवळ धरून वाचलं. "खाऊ नये," तो म्हणाला.

"मग? बायकोला बुरशीनाशक चारणार होतास?"

त्याचा चेहरा इतका पडला की मलाच कसंतरी झालं. हा एवढा मोठा बाप्या, सात रात्री झोपलेला नाही, जॅकेटच्या खांद्यावर बाळाने काढलेलं दूध वाळलेलं.

"मला फक्त तिने काहीतरी खावं असं वाटतं," तो म्हणाला. "ती माझ्याकडे बघते आणि मला वाटतं, मी चुकीचं माणूस आहे. तिला आई हवीय."

मी म्हटलं, "पाकिटं परत करून ये आणि उद्या सकाळी सुपरमार्केटात भेट. अळीव शनिवारी येतील. तोवर बाकीचं सामान घेऊन एक तालीम करू. लाडू वळता येतो का तुला?"

"नाही."

"मेंढी धरता येते?"

"येते."

"मग येईल."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं ट्रॉली घेऊन आत शिरलो. लॉकीने यादी हातावर पेनने लिहून आणली होती.

पहिला गूळ. लॉकी धावत जाऊन आशियाई फळीवरून ताडगुळाच्या वड्या घेऊन आला. दिसायला हुबेहूब आपला गूळ. "चालेल?" मी मागचं बारीक वाचलं, निम्मी साखर होती. "ठेव जागेवर." मग तो तपकिरी साखर घेऊन आला. "ती पांढरी साखरच आहे रे, वरून काकवीचा हात फिरवलेली. तिकडे बघ, आरोग्यवाल्यांच्या फळीवर. रापाडुरा म्हणून पिशवी असेल. उसाचा रस आटवून नुसता भुगा केलेला. म्हणजे गूळच तो, फक्त ढेप न केलेला." पिशवी मिळाली. किंमत बघून मी क्षणभर डोळे मिटले.

मग खोबरं. ओला नारळ होता एकच, तोही हलवला तर आत पाण्याचा आवाज नाही. आत पाणी नसलेला नारळ मी कराडात घेतला नसता तर इथे का घेईन. मग लॅमिंग्टन, म्हणजे इकडचा खोबऱ्यात घोळवलेला केक, करायला लोक ज्या फळीवर जातात तिथे गेलो. एक पाकीट गोड केलेलं, एक लांब काड्यांचं, एक बारीक किसाचं.

"हा बारीक. बिनसाखरेचा. कोमट दुधात अर्धा तास भिजवला की ओल्या खोबऱ्याची अक्कल येते त्याला."

"दुधात भिजवून अक्कल येते?" लॉकीने विचारलं.

"खोबऱ्याला. तुला नाही."

नारळाचं पाणी खोक्यातलं घेतलं, नुसतं, अननस-बिननस न घातलेलं. तुपाची अडचण नाही, तुपाचे डबे इथे तेलाच्या शेजारीच असतात. वेलची बाटलीत, जायफळ अख्खं. राहिले अळीव, तर तालमीपुरता चिया घेतला. चियाही पाण्यात पडला की अळिवासारखाच बुळबुळीत फुगतो. चव म्हणाल तर कसलीच नाही. बियांमध्ये इतकी मिळमिळीत बी मी पाहिलेली नाही. पण गूळ किती, खोबरं किती, पाक कुठे थांबवायचा, हे कळायला पुरे.

माझ्या स्वयंपाकघरात तालीम झाली. पाव वाटी चिया वाटीभर नारळपाण्यात तीन तास भिजवला. मग तुपावर खोबरं, रापाडुरा आणि तो फुगलेला गोळा एकत्र करून मंद आचेवर ढवळत बसलो. रापाडुरा भुगा असल्याने लवकर विरघळतो, हे मी ताडलेलं होतं. पण पहिल्यांदा जरा पातळ झालं, तेव्हा आणखी दहा मिनिटं आटवलं. कडा सोडायला लागलं तसं उतरवलं, वेलची-जायफळ घातलं, आणि कोमट असताना वळायला घेतलं.

लॉकीचा पहिला लाडू क्रिकेटच्या चेंडूएवढा झाला. दुसरा त्याहून मोठा.

"अरे, बाळंतिणीने खायचाय, बोलिंग नाही करायची."

शेवटी चौदा झाले. मी माईंना व्हिडिओ लावून दाखवले. "माई, ही नुसती तालीम हं. चिया घातलाय. खरे उद्या."

माईंनी फोन जवळ घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. करड्या-काळ्या दाण्यांवर त्यांची नजर अडकली होती.

"रंग अगदी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"अगदी काय?"

"काही नाही. छान वळलेत. पण खरेच कर हो उद्या."

तालमीचे लाडू मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरले आणि लॉकीला म्हटलं, "हे तू खा. तुलाही ताकद हवी." त्याने डबा घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवला. हा डबा लक्षात ठेवा.

शनिवारी नोरीनकडे माल आला. तिने माझ्यासमोर पोतं उसवलं. लालसर, होडीच्या आकाराचे, अस्सल. मी तिच्याकडूनच बशी मागून घेतली, दहा दाणे पाण्यात टाकले आणि दोघी वाकून बघत बसलो. पाच मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक कवच फुगलं. मला भरून आलं. चार वर्षं बियांमध्ये घालवली, पण एखादी बी बघून डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ.

"तू ठीक आहेस ना?" नोरीनने विचारलं.

"हे माझ्या मैत्रिणीच्या आईचं काम आहे," मी म्हटलं. ते तिला पटलं. तिने वीस ग्रॅम वर घातले.

त्या संध्याकाळी मी बावीस लाडू केले. एकटीने, एकसारखे, लिंबाएवढे. शपथेला जागले.

रविवारी अकरा वाजता बारसं. सांगलीत तेव्हा साडेसहा. माई नऊवारी नेसून फोनपुढे बसल्या होत्या, एका हाताने कशा नेसल्या त्यांनाच माहीत. फोन आम्ही लझानियाच्या रिकाम्या भांड्याला टेकवून उभा केला. लॉकीचे आईवडील, दोन शेजारणी आणि तेरावी लझानिया आली होती. बाळाचं नाव अवनी ठेवलं. कुर्र झालं. लॉकीच्या वडिलांनी कुर्र इतक्या जोरात केलं की अवनी रडायला लागली.

मग मी वाटी पुढे केली. चांदीची नव्हती, स्टीलचीच, पण घासून लखलखीत केलेली. "शलाका, घे. अस्सल अळिवाचे. माईंच्या शब्दाप्रमाणे."

माई फोनमध्ये पुढे वाकल्या. शलाकाने लाडू फोडला, तोंडात टाकला, चावला. आणखी चावला. मग उरलेला तुकडा वाटीत परत ठेवला.

"हा नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"हा माईचा नाही. हा तिखटसर लागतोय, मोहरीसारखा. माईचा असा नसतोच." आणि बारशाच्या दिवशी, नटूनथटून, ती रडायला लागली.

माझं डोकं सटकलं. खोटं कशाला बोलू. "शलाका, अळीव हे असेच लागतात. मोहरीच्याच घराण्यातले आहेत ते. चार दिवस मी गाव पालथं घातलंय, ब्रिस्बेनहून माल मागवलाय. हा अळिवाचा लाडू आहे, यापेक्षा अळिवाचा लाडू जगात असू शकत नाही."

"मग मी लहानपणापासून काय खाल्लं?"

"ते तू माईंना विचार," मी फणकाऱ्याने म्हटलं.

माई एकदम म्हणाल्या, "इथे आवाज नीट येत नाहीये." आवाज स्वच्छ येत होता.

शलाका बाळाला माझ्याकडे देऊन तरातरा आत निघून गेली. पाणी प्यायला असेल, असं आम्हाला वाटलं. लॉकी त्याच्या आईला हळूच म्हणाला, "लाडू बरोबर आहे, पण चूक आहे." त्याच्या आईने समजल्यासारखी मान डोलावली.

पाच मिनिटं झाली तरी शलाका येईना. मी अवनीला घेऊन आत गेले. शलाका फ्रिजच्या उघड्या दारात जमिनीवर बसली होती. मांडीत आइस्क्रीमचा डबा. तोंड भरलेलं. डब्यात आठ लाडू उरले होते. लॉकीने एकालाही हात लावलेला नव्हता, त्याला खायला वेळच मिळाला नव्हता. म्हणजे तिने पाच मिनिटांत सहा संपवले होते, आणि त्यातले दोन क्रिकेटच्या चेंडूएवढे.

"कुंदे," ती तोंड पुसत म्हणाली, "हा आहे. हा माईचा लाडू. तू आधी का नाही दिलास?"

मी तिथेच खाली बसले. "तो चिया आहे गं. तालीम आहे ती."

"असू दे. हाच आहे. काळे दाणे, टपोरे. मी सांगत होते तुला."

मी डबा हिसकावून घेतला, बाळ तिच्याकडे दिलं आणि थेट फोनसमोर गेले. डबा माईंच्या नाकासमोर धरला.

"माई. तुम्ही लाडवात काय घालत होतात?"

माईंनी पदर सारखा केला. प्लॅस्टरचा हात उगाच कुरवाळला. मग म्हणाल्या, "सब्जा."

"सब्जा?"

"ती चार वर्षांची होती. पहिल्यांदा अळिवाचा लाडू केला तर थुंकली. सासूबाईंच्या साडीवर. सासूबाई म्हणाल्या, थंडीत अळीव पोटात गेलेच पाहिजेत. रोज रडारड. मग उन्हाळ्यातल्या सरबताचा सब्जा डब्यात उरला होता, तो भिजवून घातला. चव ना वास, पण फुगतो तसाच. हिने दोन लाडू मागून खाल्ले. सासूबाई खूश, ही खूश. मग दर वर्षी तेच." माईंचा आवाज बारीक झाला. "सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं, अळीव अळीव. बाळंतपणात तरी तिला खरे मिळावेत म्हणून पाठवले होते गं. आईने एवढी फसवणूक केली, निदान आता तरी."

शलाका बाळाला घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"माई, सब्जा थंड असतो," ती म्हणाली.

"हो."

"तू मला सव्वीस वर्षं ऐन थंडीत थंड सब्जा खाऊ घातलास?"

"सर्दी तर कधी झाली नाही तुला," माई म्हणाल्या.

शलाका हसायला लागली. इतकी हसली की अवनी तिच्या कुशीत हलायला लागली. तिकडे माईही हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, चुकून प्लॅस्टरच्या हाताने, त्यामुळे नाकाला लागलं. लॉकीला काहीच कळलं नव्हतं, पण बायको हसतेय एवढं दिसत होतं, म्हणून तोही हसत होता. मी एकटी हसत नव्हते. माझे बावीस लाडू, माझी शपथ, माझा ब्रिस्बेनचा माल.

"मग याचं काय करायचं?" मी स्टीलची वाटी दाखवून विचारलं.

लॉकीने एक उचलला, तोंडात टाकला. चावला. दुसरा उचलला. "कुंदाताई," तो म्हणाला, "चालेल." पुढच्या तीन दिवसांत उरलेले एकवीसच्या एकवीस त्याने एकट्याने संपवले. गुरुवारी नर्स आली तेव्हा म्हणाली, आईची तब्येत छान आहे, बापाची त्याहून छान दिसते. शलाकाने तिला लाडू दिला, चियाचा.

मी दर आठवड्याला अर्धा किलो चियाचे लाडू वळून देते. लॉकीचे आता लिंबाएवढे होतात, बहुतेक.

काल माईंचा फोन आला. प्लॅस्टर निघालं. व्हिसा पुढे ढकलून मिळाला, सप्टेंबरात येतायत. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुंदा, ते तुझं चिया की काय, सांगलीत मिळेल का गं? हात चालतो का बघायला इथे एकदा करून बघावे म्हणते. शलाका म्हणते तुझे माझ्याहून चांगले होतात."

"मिळेल की माई, मोठ्या दुकानात."

"आणि नाही मिळाला तर? पर्याय काय घालू?"

मी समिती आहे. मी कुणाला परत पाठवत नाही.

"सब्जा घाला," मी म्हटलं.